एस्प्रेसोचा पक ओला निघतो किंवा फुटतो: ग्राइंडरला हात लावण्याआधी ट्रेकडे बघा

एस्प्रेसोचा शॉट झाला, बास्केट धरणारा पोर्टाफिल्टर काढून चोथ्याच्या डब्यातल्या दांडीवर आपटला, आणि चोथ्याची एकसंध चकती, म्हणजे पक, पडण्याऐवजी अर्धा चिखल बास्केटलाच चिकटून राहिला. किंवा चकती पडली, पण मधोमध आडवी भेग, कडेचा एक तुकडा निखळलेला. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी ग्राइंडरकडे जातो, माझाही गेला होता. दोन आठवडे मी दळण बारीक आणि भरड करत राहिले, बरीच कॉफी वाया गेली, आणि मूळ कारण भलतीकडेच निघालं. त्या दोन आठवड्यांत जे कळलं ते नीट लिहून ठेवते आहे, कारण हा त्रास गेला असं वाटतं आणि बिया बदलल्या की पुन्हा उगवतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. कप चवीला चांगला असेल, शॉटची वेळ रोजच्यासारखी असेल आणि फक्त पक ओला निघत असेल, तर कॉफीत काही बिघडलेलं नाही. शॉट संपल्यानंतर पकचं जे होतं त्याचा कपावर काहीच परिणाम होत नाही, कारण कॉफी तोवर खाली उतरलेली असते. तरीही मी पककडे बघते, कारण कालपर्यंत कोरडा निघणारा पक आज ओला निघाला तर मधे काहीतरी बदललेलं असतं, आणि ते बऱ्याचदा मशिनमध्ये असतं. म्हणून पकची तुलना इतरांच्या फोटोंशी करू नका. आपल्याच मशिनच्या, आपल्याच बास्केटच्या कालच्या पकशी करा.

पक कोरडा होतो तो कशामुळे

पंप चालू असताना कॉफीच्या वर गरम पाणी साधारण 9 बार दाबाने उभं असतं. पंप बंद केला की हा दाब आपोआप नाहीसा होत नाही. कॉफीचा थर आणि त्यावर पाणी सोडणारी जाळी, म्हणजे शॉवर स्क्रीन, यांच्यामधल्या पोकळीत पाणी तसंच अडकलेलं असतं. ते घालवायला बऱ्याच मशिनमध्ये तीन वाटांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. शॉट चालू असताना तो पाण्याला बॉयलरकडून ग्रुपकडे, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे लागतो त्या तोंडाकडे, जाऊ देतो. शॉट थांबला की ती वाट बंद करून ग्रुपमधून कपाखालच्या ट्रेकडे जाणारी तिसरी वाट उघडतो. दाब त्या वाटेने झटक्यात सुटतो, पकच्या वरचं पाणी उलटं वर खेचलं जातं आणि ट्रेमध्ये पडतं. पंप बंद केल्यावर ऐकू येणारा ‘फुस्स’ आवाज आणि ट्रेमध्ये सांडणारं थोडं गढूळ पाणी, ही त्याचीच खूण. ई६१ ग्रुपमध्ये हेच काम दांडीने चालणारे यांत्रिक व्हॉल्व्ह करतात.

म्हणजे पक कोरडा राहायला दोन गोष्टी लागतात. पोकळीत मुळात पाणी कमी असायला हवं, आणि जे आहे ते व्हॉल्व्हने खेचून घ्यायला हवं. पहिली गोष्ट डोस, म्हणजे घातलेल्या कॉफीचं वजन, आणि बास्केट ठरवतात, दुसरी मशिन. दळणाचा वाटा या दोन्हींपेक्षा बराच लहान आहे. बारीक दळलेल्या थरातून पाणी हळू निथळतं, त्यामुळे पोर्टाफिल्टर लगेच काढला तर वरचा थर लगद्यासारखा असतो. तोच पक अर्धा मिनिट ग्रुपमध्ये राहू दिला तर बऱ्यापैकी घट्ट होतो. म्हणूनच रोजची तुलना करताना शॉट थांबल्यापासून पोर्टाफिल्टर काढेपर्यंतची वेळ सारखी ठेवा. मी 20 सेकंद मोजते. एका दिवशी 5 सेकंदांत काढला आणि दुसऱ्या दिवशी फोन घेऊन आल्यावर दोन मिनिटांनी, तर त्या दोन पकांवरून काहीच सांगता येणार नाही.

एका मिलिमीटरचा हिशोब

पोकळी म्हणजे नेमकं किती पाणी, याचा अंदाज मला बरेच दिवस नव्हता. एकदा कागदावर मांडलं आणि उलगडा झाला. 58 मिलिमीटर व्यासाच्या बास्केटचं क्षेत्रफळ साधारण 26 चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे कॉफीवरच्या पोकळीची उंची एका मिलिमीटरने वाढली की त्यात 2.6 मिलिलिटर पाणी जास्त मावतं. दोन मिलिमीटर वाढली तर पाचेक मिलिलिटर, म्हणजे छोटा चहाचा चमचाभर. पकवर तेवढं पाणी साचलं की वरचा भाग चिखल व्हायला पुरेसं असतं. आणि दाबून बसवलेल्या कॉफीत एक ग्रॅम कमी-जास्त केला तर थराची उंची जेमतेम मिलिमीटरभर बदलते. म्हणजे 18 ग्रॅमच्या बास्केटमध्ये 16 ग्रॅम कॉफी घालणं म्हणजे वर चमचाभर जास्त पाणी उभं करणं.

इथेच बिया बदलण्याचा मुद्दा येतो, जो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. गडद भाजलेली बी फुगलेली आणि हलकी असते, फिकट भाजलेली दाट आणि जड. काट्यावर दोन्ही 18 ग्रॅम, पण दळून दाबल्यावर फिकट भाजलेली कॉफी बास्केटमध्ये खाली बसते आणि पोकळी वाढते. डोस तोच, बास्केट तीच, सवय तीच, आणि तरी पक अचानक ओला. माझ्याकडे नेमकी सुरुवात इथूनच झाली होती.

पोकळी पुरेशी आहे का, जास्त आहे की कमी, हे नाण्याने कळतं. रोजच्यासारखी कॉफी भरा, टॅम्परने दाबून टॅम्प करा, वर एक स्वच्छ, पातळ नाणं अलगद ठेवा आणि पोर्टाफिल्टर ग्रुपला नेहमीइतका आवळून लावा. पंप अजिबात चालू करू नका. पोर्टाफिल्टर उतरवून बघा. नाणं कॉफीत रुतलेलं असेल तर पोकळी नाण्याच्या जाडीपेक्षा कमी आहे, म्हणजे डोस जास्त झाला. नाणं नुसतं टेकून राहिलं आणि हलवलं की सहज सरकतं, तर पोकळी निदान तेवढी तरी आहे. मग एकावर एक दोन नाणी ठेवून बघा. दोन ठेवूनही ठसा उमटला नाही तर पोकळी गरजेपेक्षा जास्त असण्याची शक्यता बरीच. हा प्रयोग केलेली कॉफी विस्कटलेली असते, तिचा शॉट काढू नका. नव्याने दळलेली कॉफी घ्या.

माझ्याकडे काय झालं

माझं मशिन एका बॉयलरचं आहे, सोलेनॉइड व्हॉल्व्ह असलेलं, 58 मिलिमीटरची 18 ग्रॅमची बास्केट. वर्षभर एकच गडद भाजलेली कॉफी चालू होती: 18 ग्रॅम आत, 36 ग्रॅम कपात, 28 सेकंद. पक असा निघायचा की पोर्टाफिल्टर एकदाच आपटला की बास्केट पुसायचीही गरज पडू नये. मग मध्यम-फिकट भाजलेल्या बिया आणल्या आणि पहिल्याच दिवशी पकवर पाणी तरंगताना दिसलं.

शॉट 21 सेकंदांत संपला होता आणि चवीला आंबट होता, म्हणून दळण बारीक केलं. ते बरोबरच होतं, कारण वेळ आणि चव दोन्ही तेच सांगत होत्या. चूक पुढे झाली. वेळ 29 सेकंदांवर आली, आंबटपणा गेला, पण पक ओलाच होता. मी त्या ओलेपणासाठी दळण आणखी बारीक केलं. 36 ग्रॅम यायला 45 सेकंद लागले, कप कडूजहर झाला आणि पक आधीपेक्षाही पातळ. आज ते स्वाभाविक वाटतं, कारण इतक्या बारीक थरातून पाणी निथळायला वेळच मिळत नाही. तेव्हा मात्र मला वाटलं ग्राइंडरची पाती गेली.

मग डोस वाढवला, थेट 20 ग्रॅम. पक घट्ट झाला आणि मला हायसं वाटलं, पण चकतीच्या मधोमध शॉवर स्क्रीनच्या स्क्रूचा खळगा उमटला होता आणि त्या खळग्यातून एक भेग कडेपर्यंत गेली होती. त्याहून वाईट म्हणजे शॉट एकसारखे येईनात. तेच दळण, तेवढीच कॉफी, आणि एक शॉट 24 सेकंदांचा, पुढचा 38 चा. कॉफी भिजली की फुगते. तिला फुगायला जागाच नसेल तर ती स्क्रीनवर दाबली जाते आणि पाणी सगळीकडे सारखं पसरण्याआधीच जिथून सापडेल तिथून वाट काढतं. ओला पक घालवायच्या नादात मी चांगला शॉट घालवून बसले होते.

पुन्हा 18 वर आले, नाण्याचा प्रयोग केला. एक नाणं अगदी मोकळं, दोन ठेवली तर खालच्याचा पुसटसा ठसा. म्हणजे पोकळी थोडी जास्त, पण फार नाही. डोस 18.5 केला, कपात 37 ग्रॅम, दळण पुन्हा 29 सेकंदांच्या जागी. कप छान झाला. पक मात्र सुधारला तरी पूर्वीसारखा नव्हता, वर ओलसर थर राहायचाच. इथे मला शंका आली की पोकळीचा हिशोब जुळतोय, तर उरलेलं पाणी कुठून येतं?

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला पंखा बंद करून शॉट काढला आणि लक्ष देऊन ऐकलं. पंप थांबला आणि ‘फुस्स’ नव्हतं. अगदी मंद, लांबलेला सुस्कारा आला. ट्रे काढून पुसला, परत बसवला, दुसरा शॉट काढला. नेहमी तिथे पातळ कॉफीसारख्या पाण्याचं थारोळं दिसायचं, आता चार-पाच थेंब. पोर्टाफिल्टर फिरवताना तो किंचित अडला आणि कडेने फुर्रकन थोडं पाणी उडालं, म्हणजे आत दाब शिल्लक होता. व्हॉल्व्हची सुटकेची वाट कॉफीच्या तेलाने आणि भुकटीने जवळजवळ बुजली होती. हे एका दिवसात झालेलं नव्हतं. जुन्या कॉफीची पोकळी इतकी कमी होती की अर्धवट चालणारा व्हॉल्व्हही तेवढं पाणी खेचून घ्यायचा. नव्या बियांनी पोकळी वाढवली आणि व्हॉल्व्हचं दुखणं उघडं पडलं. दोन कारणं एकाच दिवशी दिसली म्हणून मी त्यांना एक समजले.

माझं खात्रीचं मत आहे की शोध उलट्या क्रमाने घ्यायला हवा होता. ट्रेमध्ये पाणी पडतं का, हे बघायला दहा सेकंद लागतात आणि कॉफीचा एक कणही वाया जात नाही. ते आधी. मग नाणं. त्यानंतर डोस, आणि तोही एका वेळी अर्ध्या ग्रॅमने. ग्राइंडरला हात लावायचा तो फक्त वेळ आणि चव सांगत असतील तर, पकवरून कधीच नाही.

व्हॉल्व्हची सफाई

बास्केट काढून तिच्या जागी बिनभोकाची बास्केट बसवा. तीत एस्प्रेसो मशिनसाठी मिळणारी क्लीनिंग पावडर घाला, सपाट अर्धा चहाचा चमचा, म्हणजे साधारण 3 ग्रॅम. तुमच्या मशिनच्या किंवा पावडरीच्या माहितीपत्रकात वेगळं माप दिलं असेल तर ते पाळा. पोर्टाफिल्टर लावा, पंप 10 सेकंद चालवा, बंद करा, 10 सेकंद थांबा. असं पाच वेळा. पाण्याला पुढे जायला वाट नसल्यामुळे प्रत्येक वेळी बंद केल्यावर पावडरीचं पाणी त्याच व्हॉल्व्हमधून उलटं ट्रेमध्ये सुटतं आणि वाट धुऊन निघते. माझ्याकडे पहिल्या दोन वेळी नुसतं फेसाळ पाणी ठिबकलं. तिसऱ्या वेळी एकदम जोरात फुस्स झालं आणि ट्रेमध्ये काळपट तपकिरी पाणी उसळलं. तो आवाज ऐकून किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही!

नंतर पोर्टाफिल्टर धुऊन हेच नुसत्या पाण्याने पाच-सहा वेळा करा, फेस पूर्ण जाईपर्यंत. शॉवर स्क्रीन स्क्रू काढून उतरवता येत असेल तर तीही त्याच पावडरीच्या गरम पाण्यात भिजवून घासा. पोर्टाफिल्टर न लावता थोडं पाणी सोडून बघा. ते सगळ्या छिद्रांतून सारखं पडायला हवं. एका बाजूने धार आणि दुसरी बाजू कोरडी असेल तर पकची तीच बाजू वारंवार खचलेली दिसेल, आणि कितीही नीट टॅम्प केलं तरी ती दुरुस्त होणार नाही. सफाईनंतरचा पहिला शॉट टाकून द्या.

ई६१ ग्रुप असेल तर पावडर वापरून अशी सफाई फार वेळा करू नये. आतल्या फिरत्या भागांना लावलेलं ग्रीस पावडरीने धुतलं जातं आणि दांडी घासत फिरायला लागते. तिथे रोज नुसत्या पाण्याने आणि महिन्यातून एकदा पावडरीने, एवढं पुरतं.

दोनदा सफाई करूनही ट्रे कोरडाच राहिला तर अडथळा बहुधा क्षाराचा आहे, किंवा व्हॉल्व्हच्या आतली दांडी अडकली आहे. क्षार पावडरीने जात नाही, त्यासाठी डिस्केलिंग वेगळं करावं लागतं. तेही करून झालं आणि फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह उघडावाच लागतो. ते काम जमणाऱ्या माणसाकडून करून घ्या. स्वतः करणारच असाल तर प्लग काढून, मशिन पूर्ण थंड करून आणि वाफेचा नळ उघडून आतला दाब घालवल्याशिवाय एकही नट फिरवू नका.

भेगांबद्दल

भेग पाहून लगेच चॅनेलिंगचा निष्कर्ष काढू नये. चॅनेलिंग म्हणजे पाण्याने कॉफीच्या थरातून एकच सोपी वाट पकडणं. ती वाट शॉट चालू असताना पडते आणि तिचा कपावर परिणाम होतो: शॉट अचानक धावतो, धार लवकर फिकट होते, आणि कपात आंबट आणि कडू दोन्ही एकदम लागतं. उघड्या तळाचा पोर्टाफिल्टर असेल तर तळातून बारीक कारंजी उडताना दिसतात. चकतीवर तिच्या खुणा म्हणजे सुईने टोचल्यासारखी भोकं, कडेला खचलेले खळगे, आणि त्या जागी फिकट पडलेली कॉफी. चकती उलटी करून तळही बघा. वरच्या खळग्याच्या बरोबर खाली तळाला मऊ, फिकट डाग असेल तर पाणी तिथूनच आरपार गेलं आहे.

सरळ, स्वच्छ कडांची भेग, जिच्या आतला रंग बाकी चकतीसारखाच आहे, ती बहुतेक वेळा शॉटनंतरची असते. व्हॉल्व्ह उघडला की दाब क्षणात उलटा फिरतो आणि पक वरच्या बाजूला खेचला जातो. पोकळी मोठी असेल तर तो उचलून तडकतो. पोकळी अजिबात नसेल तर तो आधीच स्क्रीनला चिकटलेला असतो, आणि पोर्टाफिल्टर फिरवून काढताना वरचा भाग स्क्रीनसोबत आणि खालचा बास्केटसोबत, अशी ओढाताण होऊन फुटतो. हे दोन प्रकार ओळखायला चकतीचा वरचा पृष्ठभाग पुरतो. स्क्रूचा खळगा किंवा जाळीचा ठसा आहे, तर डोस जास्त. पृष्ठभाग गुळगुळीत, ओलसर आणि भेग, तर डोस कमी. माझ्या 20 ग्रॅमच्या चकत्यांवर जाळीची नक्षी इतकी स्पष्ट होती की आता आठवून नवल वाटतं, मला ती दिसली कशी नाही. फक्त एक जपा: शॉटनंतर खूप वेळ ग्रुपमध्ये राहिलेला पक हळूहळू फुगून स्क्रीनला टेकू शकतो, तेव्हा ठसा बघायचा तो वीस-तीस सेकंदांत काढलेल्या पकवर.

भेगेचं तिसरं मूळ शॉटच्या आधीचं आहे, आणि कपाच्या दृष्टीने तेच सगळ्यात वाईट. टॅम्प केल्यावर कडेला चिकटलेली भुकटी पाडायला पोर्टाफिल्टरवर टॅम्परचा टोला मारायची सवय अनेकांना असते. त्या टोल्याने थर बास्केटच्या कडेपासून सुटतो आणि पाणी बरोबर त्या फटीतून जातं. अशा पकची कड एका बाजूला खाल्ल्यासारखी दिसते. ग्रुपला लावताना पोर्टाफिल्टर धाडकन आदळला तरी हेच होतं. भुकटी बोटाने पुसा, टोला मारू नका.

ज्या मशिनमध्ये व्हॉल्व्हच नाही

हे सगळं मी माझ्या मावसभावाला फोनवर सांगत होते, कारण त्याचीही तीच तक्रार होती. “ताई, रोज चिखल. बास्केट धुतल्याशिवाय दुसरा शॉट काढताच येत नाही,” असं तो म्हणाला. मी त्याला ट्रे पुसून शॉट काढायला सांगितलं. ट्रे पूर्ण कोरडा. आवाजही नाही. मग मी विचारलं, “तुझी बास्केट उजेडात धर बरं. तळाला किती भोकं दिसतात?” तो म्हणाला, “बाहेरून एकच आहे गं.”

तेव्हा चित्र स्पष्ट झालं. त्याचं मशिन छोटं, सोलेनॉइड व्हॉल्व्ह नसलेलं, आणि बास्केट दुहेरी तळाची, जिच्यात दाब कॉफीच्या थरापेक्षा त्या एका बारीक भोकामुळे तयार होतो. पंप थांबल्यावर वरचं पाणी त्या एकाच भोकातून थेंबथेंब उतरतं. अशा जोडीत पक ओलाच निघणार. त्यावरून डोस किंवा दळणाबद्दल काहीच ठरवता येत नाही, आणि बिनभोकाच्या बास्केटने सफाई करणं तर इथे चूकच, कारण दाबाला बाहेर पडायला वाटच नाही.

त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. शॉटनंतर पूर्ण एक मिनिट पोर्टाफिल्टरला हात लावायचा नाही. दाब शिल्लक असताना तो फिरवला तर उकळता चोथा हातावर आणि तोंडावर उडतो, आणि असं भाजलेलं लवकर बरं होत नाही. मिनिटानंतरही आधी थोडासाच फिरवायचा, आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मग काढायचा. आणि बास्केट सिंकवर तिरकी धरून वरचं पाणी ओघळू दिलं की मगच चोथा आपटायचा.

पुढे त्याने एकेरी तळाची बास्केट घेतली, तीही 54 मिलिमीटरची, आणि डोस 16 वरून 17.5 केला. त्याच्या बास्केटमध्ये एका मिलिमीटरच्या पोकळीत सव्वादोन मिलिलिटरच्या आसपास पाणी मावतं, त्यामुळे दीड ग्रॅमने जेवढी पोकळी भरली तेवढा फरक दिसला. चिखलाऐवजी आता मऊ, ओलसर चकती पडते. याहून कोरडा पक त्या मशिनमधून निघणार नाही, आणि हे कळल्यापासून त्याने डोसला हात लावलेला नाही. तो आता फक्त वेळ लिहून ठेवतो आणि चव बघतो.